पदवीदानाच्या गाऊनखाली काय घालावं? दिसणार फक्त गळा, खालची कड आणि चपला

ऋतुजा_नौपाडा
नमस्कार मंडळी. प्रश्न फालतू वाटेल पण घरात यावरून रोज वाद चाललाय म्हणून धागा काढतेय. पुढच्या शनिवारी माझा एमएस्सीचा पदवीदान समारंभ आहे, ठाण्यातच, एसी हॉल. गाऊन कॉलेजकडून भाड्याने मिळणारे, डिपॉझिट भरून झालं. मागच्या बॅचचे फोटो बघितले तर काळा गाऊन, पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा, मानेवरून पाठीवर सोडलेलं ते रंगीत हूड आणि चौकोनी टोपी. म्हणजे आत काहीही घातलं तरी दिसणार काय तर गळ्याशी चार बोटं, खाली वीतभर कापड आणि चपला.

आई म्हणते साडीच नेस, तिची कांजीवरम काढून ठेवलीये. मैत्रीण म्हणते कोण बघतंय, जीन्स घाल. माझ्याकडे एक पांढरा चिकनचा लांब कुर्ता आहे पलाझोसकट, एक गुडघ्यापर्यंतचा बाटली हिरवा ड्रेस आहे, आणि आईची साडी. उंची ५ फूट २. यातलं काय घालू? नवीन विकत घ्यायचं नाहीये, डिपॉझिटनेच कंबरडं मोडलंय.

अभिजित_ऐरोली
सोप्पंय. गाऊन काळा ना, मग आत सगळं काळं घाल. काळा टॉप, काळी पँट, काळे बूट. सगळं एकात एक मिसळून जातं, गळा वेगळा दिसतच नाही. मी तेच केलं होतं, पाच मिनिटांत तयार.

नीलाकाकू_कळवा
अभिजित, मुलाचं काळ्या पँटीवर निभतं, त्यात वाद नाही. पण काळ्यात काळं मिसळत नाही रे. भाड्याचा गाऊन असतो पॉलिएस्टरचा, जरा चकाकी असलेला, आणि फ्लॅश पडला की त्यातला काळा थोडा जांभळ्याकडे जातो. आपला घरचा कॉटनचा काळा धुवून धुवून राखाडी झालेला असतो. दोन्ही शेजारी आले की कळतं कुठलं जुनं ते. आणि गळ्याशी काळं, त्यावर काळा गाऊन, म्हणजे फोटोत चेहरा नुसता वर ठेवल्यासारखा दिसतो. चेहऱ्याखाली काहीतरी उजळ लागतं.

ऋतुजा, तू आधी दोन गोष्टी सांग, मग बोलू. गाऊन पुढून चेनने पूर्ण बंद होतो की नुसता गळ्याशी हुक आहे? आणि तो हातात कधी मिळणार? मी बरीच वर्षं कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानात कामाला होते, गॅदरिंगचे, नाटकाचे, आणि जानेवारी-फेब्रुवारीत गाऊन. हजारो गाऊन घातले-काढलेत पोरापोरींना.

ऋतुजा_नौपाडा
काकू, चेन आहे, खालपर्यंत. निदान फोटोत तरी तशीच दिसतेय. गाऊन शुक्रवारी दुपारी देणार म्हणजे आदल्या दिवशी.

मुलुंडची_पूर्वा
चेन आहे ते बरं. मी सध्या इंग्लंडमध्ये आहे, इकडे गाऊन पुढून सताड उघडा असतो, बंद करायची सोयच नाही, त्यामुळे आतला अख्खा ड्रेस दिसतो. तुम्ही नेटवर बघून 'गाऊनखाली काय घालावं' शोधाल तर निम्मे सल्ले इकडचे असतात आणि निम्मे अमेरिकेतले, तिकडे गाऊन चेनने बंद होतो, आणि दोन्ही एकत्र वाचले की डोकं फिरतं. ऑक्सफर्डला तर ठरलेलंच असतं, गडद सूट किंवा स्कर्ट आणि पांढरा शर्ट, वेगळं काही घातलं तर चालतच नाही. तेव्हा आधी आपला गाऊन उघडा की बंद ते बघ, हे काकूंचं बरोबर आहे.

खारघरकर
मुळात हा गाऊनच का घालायचा हा प्रश्न कुणाला पडत नाही. युरोपातल्या मध्ययुगातला, थंडीतला झगा, तो आपण ठाण्याच्या उकाड्यात घालतोय. २०१० साली भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेच्या पदवीदानात जयराम रमेश यांनी स्टेजवरच गाऊन काढून ठेवला होता, केंद्रात मंत्री असताना. आणि २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही आपल्या वैद्यकीय संस्थांना पत्र पाठवून काळा झगा सोडा आणि त्या त्या राज्याचा पोशाख ठरवा म्हणून सांगितलं. कॉलेजला सांगा, उपरणं द्या म्हणावं.

ऋतुजा_नौपाडा
दादा पटतंय, पण शनिवारपर्यंत कॉलेज काही बदलणार नाही. तोपर्यंत मला त्या झग्याच्या खालचं वीतभर सांभाळू द्या :)

सुरेश_ऐ
समारंभाला न जाता सर्टिफिकेट घरी मागवता येतं का? माझ्या मुलीलाही हाच प्रश्न आहे, ती बंगलोरला आहे.

मुलुंडची_पूर्वा
काका तो वेगळा प्रश्न आहे, वेगळा धागा काढा, इथे कपड्यांचं चाललंय. कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारलंत तर लगेच सांगतील.

नीलाकाकू_कळवा
चेन आहे म्हणजे मधलं सगळं झाकलं, बरं झालं. आता खालच्या कडेचं बघू कारण फोटो तिथेच बिघडतो, गळ्याचं नंतर सांगते.

गाऊनच्या खालून आतलं कापड दिसावं की नाही याचं माझं साधं गणित आहे. एकतर अजिबात दिसू नये, नाहीतर भरपूर दिसावं. मधलं नको. दोन-अडीच इंच कुर्ता गाऊनखालून डोकावत असेल तर परकर दिसतोय असंच वाटतं, कुर्ता कितीही भारी असो. गुडघ्यापर्यंतचा ड्रेस अख्खा आत राहतो म्हणून चांगला दिसतो आणि साडी घोट्यापर्यंत येते म्हणून चांगली दिसते. नेमका तो पोटरीपर्यंतचा कुर्ता अडकतो, आणि आजकाल सगळ्या मुलींकडे तोच असतो.

तर टेप घे. शनिवारी ज्या चपला घालणार त्याच घालून उभी राहा, खांद्यावरच्या शिवणीपासून, मानेजवळून, जमिनीपर्यंत किती ते माप. आणि तुझ्या तिन्ही कपड्यांची उंची त्याच जागेपासून माप. गाऊन शुक्रवारी मिळाला की त्याचीही तशीच. अनवाणी मापू नकोस, टाच वाढली की गाऊनही जमिनीपासून तेवढाच वर जातो आणि गणित चुकतं.

सागर_कोपरखैरणे
मधेच विचारतो, माझं पण त्याच्या पुढच्या आठवड्यात आहे, नवी मुंबईत, इंजिनिअरिंग. शर्ट टाय घालू की कुर्ता? टाय गाऊनच्या गळ्यातून दिसते का? गाऊनचा गळा किती खोल असतो?

नीलाकाकू_कळवा
सागर, शर्ट घाल. टायची गाठ आणि त्याखाली दोन-तीन बोटं दिसतील, बाकी आत. शर्टाचा फायदा टायपेक्षा वेगळाच आहे. ते हूड हातात घेऊन बघ, पुढे गळ्याशी जिथे त्रिकोण होतो तिथे आतल्या बाजूला बऱ्याचदा दोऱ्याचा किंवा नाडीचा छोटा फास असतो. तो शर्टाच्या बटणात अडकवायचा असतो. पोरं बघतच नाहीत. हुडाचं सगळं वजन पाठीवर, अस्तरासकट, त्यामुळे ते सतत मागे घसरतं आणि पुढची पट्टी गळ्यावर चढते. अर्ध्या तासाने बघावं तर सगळी रांग गळा सोडवत बसलेली असते. बटणात फास अडकवला की ते वजन शर्ट घेतो. फक्त वरून दुसऱ्या-तिसऱ्या बटणात अडकव, पहिल्यात नको, नाहीतर कॉलरच मागे ओढली जाते आणि फास लागतो तो तुलाच.

सागर_कोपरखैरणे
बाप रे हे कुणीच सांगितलं नव्हतं. मग मुलींनी काय करायचं, त्यांना बटण नसतं.

मीनल_घोडबंदर
मुलींनी पिना लावायच्या, अजून काय :) पण माझ्या वेळी आम्ही सगळ्यांनी गळ्याशी मधोमध एक पिन लावली आणि स्टेजवर जाईपर्यंत प्रत्येकीच्या कुर्त्याचा गळा वर ओढला गेला होता, समोरचं भरतकाम हनुवटीशी.

नीलाकाकू_कळवा
मीनल, म्हणून मधोमध लावायचीच नाही. दोन पिना, दोन्ही खांद्यांवर, हुडाच्या पट्टीतून गाऊनच्या खांद्याच्या शिवणीत आणि तिथून आतल्या कपड्याच्या खांद्याच्या शिवणीत. तिन्ही एकत्र. खांदा वजन पेलतो, गळा पेलत नाही. आणि पिन शिवणीतच घाला, सॅटीनच्या सपाट कापडात नको, तिथे भोक राहतं आणि मग डिपॉझिट कापतात. आम्हीही कापायचो, कुणाशी भांडायचं.

आता यावरून तुझ्या गळ्याचं. आतल्या कपड्याला खांद्याची शिवण मानेजवळ हवी. बोटनेक किंवा बारीक पट्ट्यांचं काही घातलंस तर पिन कशात लावणार? शिवाय खूप खोल गळाही नको, गाऊनच्या गळ्याच्या खाली गेला की फोटोत आत काही घातलेलंच नाही असं वाटतं. गाऊनचा गळा गळ्याच्या खळीपासून साधारण चार बोटं खाली येतो. त्याच्या आत, मानेलगत बसणारा गळा पाहिजे. स्टँड कॉलर उत्तम, लहान गोल उत्तम, लहान व्ही पण उत्तम. फिका किंवा भडक एकच रंग, गळ्याशी मोठं खडीकाम नको. हुडाची पट्टी त्याच्यावर बसत नाही, फुगून राहते, आणि खडे तिच्या अस्तरात अडकतात.

ऋतुजा_नौपाडा
टेपने मापलं काकू. माझी दीड इंच टाचेची सँडल घालून, खांद्यापासून जमीन साडेबावन्न इंच. चिकनचा कुर्ता ४६. हिरवा ड्रेस ३७. साडी अर्थात घोट्यापर्यंत. गाऊन अजून हातात नाही पण सीनियरने तिच्या वेळचा साईझ चार्ट पाठवला, माझ्या उंचीला ४३ किंवा ४४ दाखवतोय.

नीलाकाकू_कळवा
मग झालं की. साडेबावन्नातून ४३-४४ गेले, म्हणजे गाऊन जमिनीपासून साधारण नऊ इंच वर. कुर्ता ४६ म्हणजे गाऊनखालून दोन-तीन इंच बाहेर. नेमका तोच घोटाळा. खाली पलाझो आहे, म्हणजे गाऊन, मग चिकनची पट्टी, मग पलाझोचा घेर, तीन थर. बाद. हिरवा ड्रेस सहा-सात इंच आत, काही प्रश्न नाही, बसल्यावर गाऊन वर सरकतो चार बोटं तरी तो आतच राहील.

कुर्ता दुमडून शिवायचा विचार डोक्यात येईल, करू नकोस. चिकनची खालची वेलबुट्टी दुमडली की जाड होते आणि गाऊनमधून वळकटी दिसते.

अभिजित_ऐरोली
एवढं गणित? शेवटी स्टेजवर पाच सेकंद असतात हो, नाव पुकारलं, हात मिळवला, खाली.

मीनल_घोडबंदर
पाच सेकंद असतात पण फोटो तेवढाच निघतो ना, आणि तो भिंतीवर लागतो. आणि फोटोग्राफर उभा असतो स्टेजच्या खाली. त्याचा कॅमेरा आपल्या घोट्याच्या उंचीला. त्यामुळे आरशात दिसतं त्याच्यापेक्षा चपला आणि खालची कड फोटोत कितीतरी मोठी येते. माझ्या फोटोत माझा चेहरा केवढा आणि माझे पांढरे स्पोर्ट्स शूज केवढे, कुणीही बघून आधी बूटच बघतं.

ऋतुजा, मी तर म्हणेन हिरवा ड्रेस घाल. पाय मोकळे, जिना चढायला सोपं. हॉलला स्टेजच्या बाजूला अरुंद पायऱ्या असतात, रांगेने चढताना साडी सांभाळू की टोपी सांभाळू की सर्टिफिकेट घेऊ असं होतं.

नीलाकाकू_कळवा
ड्रेसला माझी हरकत नाही, पण खाली नऊ इंच उघडे पाय आणि त्याखाली चपला, तर मग चपला चांगल्या पाहिजेत, त्या लपणार नाहीत. आणि एक गोष्ट सगळे विसरतात. गाऊन परत करायचा असतो. समारंभ संपला की काउंटरला रांग लागते, आणि घरच्यांबरोबरचे फोटो, जेवण, हे सगळं बरेचदा गाऊन गेल्यावर होतं. म्हणजे आतला कपडा एकटा पण चांगला दिसायला पाहिजे. जीन्सवर काहीही घातलेल्या मुली तिथे आईच्या मागे लपतात.

ऋतुजा_नौपाडा
आईने हे वाचलं, तुमच्यावर खूश आहे. म्हणते बघ, साडीच. पण मला कांजीवरमची भीती वाटतेय.

नीलाकाकू_कळवा
आईला नमस्कार सांग. साडी नेसायला हरकत काहीच नाही, उलट गाऊनखाली साडीच सगळ्यात छान दिसते, कारण ते नऊ इंच पूर्ण भरतात, निऱ्या आणि काठ. गंमत म्हणजे साडीचा बाकी पाच वार कुणी बघत नाही, दिसतो तो काठच. पण कांजीवरम जड. तिचा पदर डाव्या खांद्यावर घडी घालून बसवला की तिथे उंचवटा होतो, गाऊन त्या बाजूला वर, हूड उजवीकडे घसरतं, आणि फोटोत एक खांदा वर एक खाली. वर काठाची जर गाऊनच्या चेनमध्ये जाते ती वेगळीच. चेन लावताना साडी मधे धरलीस की जरीचा धागा ओढला जातो आणि तो परत बसत नाही.

हलकी साडी आहे का कुणाकडे? महेश्वरी असली तर बघ. सुती-रेशमी, पातळ, काठ बारीक पण उठून दिसणारा.

मीनल_घोडबंदर
काकू, जॉर्जेट पण हलकी असते की. तीच नेसू दे, सगळ्यांकडे असते.

नीलाकाकू_कळवा
हलकी असते, पण पॉलिएस्टरच्या गाऊनखाली पॉलिएस्टरचीच जॉर्जेट, एसीची कोरडी हवा, आणि चालताना दोन्ही एकमेकांवर घासणार. निऱ्या पायांना चिकटतात, चटचट आवाज येतो. नेसायचीच असेल तर आत सुती परकर आणि पायांना थोडं मॉइश्चरायझर. कडक इस्त्रीची कांजी केलेली सुती साडी पण नको, निऱ्या पुढे फुगतात आणि गाऊनमधून पोट आल्यासारखं दिसतं.

वर्षा_वाशी
मी वाशीला ब्लाऊज शिवते, एक सांगते. साडी नेसलीस तर ब्लाऊजचा पुढचा गळा बंद पाहिजे आणि मागचाही. मागे मोठा गळा, लटकन वगैरे असेल तर हूड त्यावर बसतं आणि लटकन पाठीत टोचतं. पदर खांद्यावर मानेजवळ नाही, बाहेरच्या बाजूला, दंडाच्या शिवणीकडे बसवायचा, बारीक घड्या घालून, मग उंचवटा कळत नाही. आणि मागचा पदर लांब सोडू नको. गाऊनखाली तो पायात येतो. मागून कमरेत खोचून टाक, परत करायच्या रांगेत काढ बाहेर.

नीलाकाकू_कळवा
वर्षा, पदराचं बरोबर. मी मात्र पदर अगदी खोचत नाही, गुडघ्यापर्यंत सोडते. खोचला की कमरेशी गोळा होतो. ज्याला जे जमेल ते.

वर्षा_वाशी
गोळा होतो कारण लोक पूर्ण पदर खोचतात, फक्त टोक खोचायचं असतं. असो, नेसवणाऱ्यावर आहे.

ऋतुजा_नौपाडा
आत्याकडे महेश्वरी निघाली! मोतिया रंग, गर्द लाल काठ. माझं हूड पण लालसरच आहे मागच्या फोटोंत. ब्लाऊज लाल, बंद गळ्याचा, तिचाच, थोडा आत घेतला. आता चपला. माझ्याकडे कोल्हापुरी आहेत आणि दीड इंचाची ब्लॉक हील सँडल आहे. आत्या म्हणते साडीवर कोल्हापुरीच.

सागर_कोपरखैरणे
कोल्हापुरी भारी दिसेल!

नीलाकाकू_कळवा
दिसेल भारीच. पण तळ चामड्याचा, आणि स्टेजवर पॉलिश केलेली लाकडी फळी किंवा नवीन लाल जाजम. नवीन कोल्हापुरी तिथे सरकते, आणि करकर आवाज करते तो माइकला जातो. जुनी, तळ घासलेली असेल तर बरी. ब्लॉक हील सुरक्षित. मुख्य म्हणजे जी घालशील ती ठरवून मगच निऱ्या बसव, कारण कोल्हापुरीत साडी दीड इंच जास्त लांब होते आणि पायऱ्यांवर पायात येते. निऱ्या जमिनीपासून अर्धा इंच वर राहायला पाहिजेत.

मीनल_घोडबंदर
मी वेगळं सांगते, कोल्हापुरी घातलेल्या मुली बघितल्यात, कुणी पडलं नाही. चालताना जपून चाललं की झालं. सगळ्यांनी हील घालायची सक्ती नको.

खारघरकर
शेवटी साडी आणि कोल्हापुरीच आली ना. मी काय म्हणत होतो.

ऋतुजा_नौपाडा
हाहा दादा.
आज गाऊन मिळाला, ट्रायल घेतली. गाऊन ४३ चा आहे, मापल्यावर खांद्यापासून साडेत्रेचाळीस भरला. सँडल घालून जमिनीपासून बरोब्बर नऊ इंच. चेन आहे पण गळ्यापासून मांडीपर्यंतच आहे, खाली शिवलेला आहे आणि दोन्ही बाजूंना वीतभर चीर आहे. काकू, चालताना त्या चिरेतून परकर दिसतोय थोडा. पांढराच नेसले होते.

नीलाकाकू_कळवा
साडीच्या रंगाचा परकर घाल किंवा काठाच्या लाल रंगाचा. पांढरा नको. आणि चेन लावताना डावा हात आत घालून पदराची कड बाजूला धर, चेन वर येईपर्यंत सोडू नकोस. खाली बसून लावू नकोस, उभी राहून लाव. टोपीसाठी केस खाली बांध, आंबाडा असेल तर मानेशी, वर नको, वर बांधलास की टोपी तिरकी राहते. आणि लांब झुमके नको, टोपीचा गोंडा त्यात गुंततो. कुडी घाल.

ऋतुजा_नौपाडा
झालं सगळं. आत्याचाच लाल परकर घातला. खांद्याच्या पिना टिकल्या, हूड हलत नव्हतं, माझ्या पुढची मुलगी तर अख्खा वेळ एका हाताने गळा धरून होती, तिची पिन मधोमध होती म्हणून मी रांगेतच तिच्या खांद्यांवर लावून दिल्या. चपला ब्लॉक हील. पायऱ्या अरुंदच होत्या. फक्त एसी फुल्ल असूनही गाऊनखाली घाम आला, पाठ ओली, बघितलं तर अस्तर पण पॉलिएस्टरचंच होतं. साडी सुती-रेशमी म्हणून निभलं. परत करायची रांग तासभर होती, त्यात फोटो काढून झाले. आईचं म्हणणं, कांजीवरम असती तर फोटोत जास्त शोभली असती. यावर मी काही बोलले नाही.

मीनल_घोडबंदर
अभिनंदन! फोटो टाक ना, फक्त खालचा भाग टाक :)

सागर_कोपरखैरणे
अभिनंदन! काकू, माझं हूड मिळालं, आत फास नाहीये, बघितलं नीट. मग शर्टाचं बटण काय कामाचं?

नीलाकाकू_कळवा
आईकडून जाड दोरा घे, हुडाच्या पट्टीच्या आत गळ्याशी एक छोटा फास कच्च्या टाक्याने लाव, अर्ध्या इंचाचा. परत करताना उसवून टाक. दोऱ्याचा रंग अस्तराचा घे, काळा नको, दिसतो. आणि टाय लावलीस तर फास टायच्या मागून बटणाला जाऊ दे, टायवरून नको.

सागर_कोपरखैरणे
आणि बूट काळे की तपकिरी?

अभिजित_ऐरोली
काळे. हे तरी माझं बरोबर आहे ना काकू?

नीलाकाकू_कळवा
हो, बुटांचं बरोबर आहे. मोजेही काळे, आणि लांब, बसल्यावर पँट वर सरकते. सागर, पँटची उंची बूट घालून बघ, टाचेवर कापड लोळत असेल तर आजच आत घ्यायला टाक, कोपरखैरणेतल्या टेलरला एक दिवस लागतो.